नोकरीसाठी परदेशात पोचल्यावर दुसरा करार पुढे केला तर

>> एजंटनं पैसे घेतले, आणि इथे आल्यावर कमी पगाराच्या दुसऱ्या करारावर सही मागतायत. काय करू?

सही लगेच करू नका, आणि करावीच लागली तर तारीख टाकून 'दबावाखाली सही' असं लिहा, तेही जमलं नाही तर त्याच दिवशी घरी मेसेज करून ठेवा, तारखेसकट पुरावा होतो. खरा आधार म्हणजे ज्या करारावर व्हिसा निघाला तो, त्याची प्रत घरच्यांकडेही हवी. समजा त्यात पगार १५०० आहे आणि खात्यात ११०० येतात, तर दर महिन्याचे ४०० बाकी, ८ महिन्यांचे ३२००. नुसतं 'फसवलं' म्हणण्यापेक्षा हा हिशोब बँक स्टेटमेंटसकट तिथल्या लेबर ऑफिसात आणि आपल्या दूतावासात द्या.

फीचं भांडण वेगळं, ते एजंटचं लायसन्स जिथलं तिथे. आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७च्या १८१ क्रमांकाच्या करारानुसार कामगाराकडून फी घ्यायचीच नाही (काही अपवाद आहेत, आणि तो सगळ्या देशांनी मान्य केलेला नाही), पण एजंट लोक तीच रक्कम 'ट्रेनिंग', 'मेडिकल' अशा नावांनी रोखीत घेतात. पावती नसेल तर बँकेतून पैसे काढल्याची नोंद, कॉल, चॅट, सोबत पैसे भरलेला दुसरा कामगार, हेच चालवावं लागतं. आणि हो, पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला असेल तर तक्रारीत तेही लिहा.