मदत हवी आहे: ‘इज’ घालून बघायची युक्ती कुठे चालते, कुठे फसते?

कोथरूडमध्ये नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. विशेषण की क्रियाविशेषण, यासाठी मी एक युक्ती देते: क्रियापदाच्या जागी ‘इज’ घालून बघा. ‘द सूप टेस्ट्स गुड’चं ‘द सूप इज गुड’ होतं, अर्थ टिकतो, म्हणून विशेषण. ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम’मध्ये ‘इज’ बसतच नाही, म्हणून क्रियाविशेषण.

परवा एका मुलीने अडवलं. ‘शी सिंग्स गुड’ का चूक? ‘शी इज गुड’ बरोबरच आहे ना! प्रश्न रास्त आहे. मराठीत ‘ती चांगली गाते’ आपण सर्रास म्हणतो, त्यामुळे तिच्या कानाला काही खटकत नाही.

मग शब्द गाळून बघितलं. ‘शी सिंग्स’ पूर्ण वाटतं, ‘द सूप सीम्स’ अर्धवट. पण ‘द मिल्क स्मेल्स’ही पूर्ण वाटतं, फक्त अर्थ ‘दुधाला घाण वास येतोय’ असा होतो. इथे माझी गाडी अडली.

‘आय फील वेल’मधला ‘वेल’ तब्येतीबद्दलचं विशेषण आहे, हे सांगून झालंय. ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’चा अर्थभेदही मुलांना पक्का आहे, तो नको.

व्याकरणाच्या जड संज्ञा न वापरता, रिकाम्या जागा भरताना वापरता येईल अशी, ‘सिंग’ आणि ‘स्मेल’ वेगळे पाडणारी दुसरी कसोटी कोणती?