एलएफपी सेल, कालमन फिल्टर आणि सपाट पट्टा

> एनएमसी सेलवर कालमन फिल्टर छान चालला, एलएफपीवर मात्र मधल्या पट्ट्यात एसओसी, म्हणजे उरलेल्या चार्जची टक्केवारी, भरकटतो. मापनातल्या नॉइजचा R अजून कमी करू का?

कमी नको, वाढवा. एलएफपीचं ओसीव्ही, म्हणजे भार नसतानाचं व्होल्टेज, मध्यभागी जवळपास सपाट असतं. समजा उतार H टक्क्याला १ मिलिव्होल्ट, एसओसीच्या अंदाजातली अनिश्चितता P = २५, R = १००. मग फिल्टरचा गेन K = PH/(H²P + R) = ०.२, म्हणजे ५ मिलिव्होल्टच्या फरकाला एसओसी एका फटक्यात १ टक्का सरकतो. फरक निव्वळ नॉइज असेल तर पुढच्या रीडिंगांत भरून निघतो. पण डिस्चार्जनंतर हिस्टेरिसिसमुळे व्होल्टेज सतत ५ मिलिव्होल्ट खालीच राहिलं, तर फिल्टर हळूहळू ५ टक्के कमी दाखवू लागतो. शिवाय P घटत जातो, म्हणजे चुकतो तेही ऐटीत!

इनोव्हेशन, म्हणजे मोजलेल्या आणि अंदाजित व्होल्टेजमधला फरक, बघून हे कळत नाही, कारण चूक एसओसीत जिरली की ते शून्याभोवतीच खेळतं. त्यापेक्षा एकाच एसओसीला एकदा चार्ज करत, एकदा डिस्चार्ज करत या. अंदाज वेगळे आले तर हाच रोग.

सपाट पट्ट्यात R दहापट करा आणि टोकांजवळ, जिथे वक्र वळतो, तिथे पूर्ववत ठेवा. यानं ओढ थांबत नाही, मंदावते. खरा इलाज म्हणजे हिस्टेरिसिसची वेगळी स्टेट. मात्र करंट सेन्सरचा ऑफसेट आधी काढून घ्या, कारण मधल्या पट्ट्यात सगळी भिस्त त्या सेन्सरवरच असते.