मदत हवी आहे : गिझर आणि चार्जरला स्मार्ट प्लग

राजारामपुरीकर
घरात 25 लिटरचा, 2000 वॅटचा गिझर आहे. सकाळी लावतात आणि दुपारपर्यंत बंद करायचं ध्यानात राहत नाही. 2000 भागिले 230 म्हणजे 8.7 अँपिअर, मग 10 अँपिअरचा स्मार्ट प्लग चालेल ना? मोबाइल-लॅपटॉपच्या चार चार्जरनाही एकेक घ्यावा म्हणतोय. लाईट जाऊन आली तर टायमर चुकतो का?

फेजन्यूट्रल
10 चा नको, 16 चाच घ्या. गिझरची जाड पिन 10 च्या प्लगमध्ये बसत नाही. मग लोक मध्ये कन्व्हर्टर घालतात आणि तिथंच ढिला संपर्क राहून प्लास्टिक पिवळं पडतं. पहिल्या दिवशी अर्ध्या तासानं गिझर बंद करून पिनेला हात लावा. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर सॉकेटही बदला.

22 अंशांचं 25 लिटर पाणी 60 ला न्यायला साधारण 1.1 युनिट लागतं, म्हणजे 35 मिनिटं. साडेपाचला चालू, सव्वासहाला बंद, एवढं पुरे.

गूळवाला
बरोबर. दुपारपर्यंत चालू म्हणजे तासाला 2 युनिट जातात भावा!

फेजन्यूट्रल
तासाला 2 नाही ओ. पाणी तापलं की थर्मोस्टॅट तोडतो. पुढं जाते ती टाकीतून झिरपणारी उष्णता भरून काढायची वीज. ती किती, हे मोजा: युनिट दाखवणारा प्लग घ्या, रात्री पाणी तापलं की आकडा बघून ठेवा, गिझर चालूच राहू द्या, सकाळपर्यंत नळ उघडू नका. त्या वेळात वाढलेला आकडा हीच तुमची गळती.

चार्जरचं सोडा. रिकामा मोबाइल चार्जर एका वॅटपेक्षा बराच कमी खातो, स्मार्ट प्लग स्वतःच जवळपास 1 वॅट खातो. बचत उलटी होईल. चारही एका स्विचच्या बोर्डावर घ्या.

बंबप्रेमी
आमच्याकडं बादलीतला रॉड आहे. त्याला टायमर लावू का?

फेजन्यूट्रल
नको, दादा. बादली रिकामी असताना टायमरनं चालू केला तर रॉड कोरडा तापून फुटतो. रॉड माणूस समोर असतानाच लावायचा.

राजारामपुरीकर, लाईटचा प्रश्न महत्त्वाचा. सहाला लाईट गेली आणि सातला आली, तर सव्वासहाचा 'बंद' हुकलेला असतो. प्लग 'आधीची स्थिती' वर असेल तर गिझर परत चालू होतो आणि चालूच राहतो. म्हणून ॲपमध्ये लाईट आल्यावरची स्थिती 'बंद' ठेवा. शिवाय साडेसात आणि नऊला आणखी दोन 'बंद' घाला. बहुतेक प्लगना घड्याळाची बॅटरी नसते, वेळ इंटरनेटवरून येते, त्यामुळं राउटर इन्व्हर्टरवर हवा.

राजारामपुरीकर
राउटर इन्व्हर्टरवर नाही. मग काट्याचा टायमर?

गूळवाला
तोच घ्या, नेट नको, काही नको.

फेजन्यूट्रल
साधा काट्याचा लाईट जाईल तेवढा मागं पडतो. तासभर गेली की साडेपाचचं साडेसहा. बॅटरीवाला डिजिटल घ्या, पण त्यावर 16 अँपिअर लिहिलेलं पाहून.

गूळवाला
आमच्या गल्लीत 5 मिनिटंच जाते. काट्याचाच बरा.