‘डिटेन्शन’ला ग्राहकाच्या मेलमध्ये काय लिहावे?

पनवेलकर : मी न्हावाशेवा बंदरातून माल सोडवून देणाऱ्या कचेरीत काम करते. पहिल्यांदाच इटलीहून भट्टी मागवणाऱ्या एका बेकरीमालकांना मी असा मेल पाठवला : “बीई फाइल झाली. ओओसी आज अपेक्षित. डीओ पेंडिंग, डिटेन्शन लागू शकते.” भट्टी जप्त होणार, असे समजून त्यांनी घाबरून फोन केला. फोनवर ओओसी म्हणजे ‘आउट ऑफ चार्ज’ असे सांगितले, तेव्हा आता काही भरायचे नाही, असा त्यांचा समज झाला. ‘डिटेन्शन’साठी नेमका मराठी शब्द कोणता?

शब्दवेडा : ‘विलंबशुल्क’ हा रुळलेला शब्द असताना अडचण कसली? बाकीच्या लघुरूपांची पूर्ण रूपे द्यावीत, म्हणजे झाले.

सोसायटीची सचिव : पूर्ण रूपाने आमच्याकडे उलटेच झाले. मुंबईत पुनर्विकासाच्या वेळी ‘आयओडी मिळाली’ असे मी सभासदांना कळवले आणि खाली ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’ असे पूर्ण रूप दिले. ती खरे तर अटींसह दिलेली मंजुरी असते, पण नाव नामंजुरीचे असल्यामुळे दोन दिवस मला जिना उतरणे कठीण झाले.

बंदरकाठ : सचिवबाईंचा अनुभव इथेही लागू पडतो, कारण ‘आउट ऑफ चार्ज’मधला चार्ज पैशांचा नसून कस्टम्सच्या ताब्याचा आहे. ‘विलंबशुल्क’ चुकीचे नाही, पण अपुरे आहे. माल गोदामात पडून राहिला तर जागेचे भाडे गोदामवाला घेतो, आणि कंटेनर मुदतीत रिकामा परत गेला नाही तर दंड जहाज कंपनी लावते. दोन्हींना विलंबशुल्क म्हटले, तर पैसे कोणाचे आणि काय केल्याने थांबतील, हे ग्राहकाला कळणार नाही. मी असे लिहीन :

“आपल्या भट्टीचे आयातीचे कागद कस्टम्सकडे दाखल केले आहेत. माल बाहेर नेण्याची त्यांची परवानगी आज मिळेल, असे वाटते. मात्र कंटेनर ताब्यात मिळण्यासाठी जहाज कंपनीचे ‘डिलिव्हरी ऑर्डर’ हे पत्र लागते आणि सोबतचे बिल आपण भरल्यावरच ते मिळेल. कंटेनर 12 तारखेपर्यंत रिकामा परत गेला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचा आकार जहाज कंपनी आपल्याकडून घेईल. बिलात त्याला ‘डिटेन्शन’ म्हणतात.”

बिलावर जे शब्द येणारच आहेत ते ठेवले, बाकीचे काढले. तारीख मात्र जहाज कंपनीकडून लेखी घ्या, कारण मोफत दिवस कधीपासून मोजायचे, हे प्रत्येकीच्या अटींत वेगळे असते.

शब्दवेडा : दोन वेगळे आकार असतात, हे मला ठाऊक नव्हते. मग ‘कंटेनरभाडे’ चालेल का?

बंदरकाठ : ग्राहकाने समुद्रवाहतुकीचे भाडे आधीच भरलेले असते, त्यामुळे ‘भाडे तर दिले’ असे तो म्हणेल. एकच नेमका शब्द मलाही अजून सापडलेला नाही.

पनवेलकर : तारीख विचारली, 12 नव्हे, 9 निघाली. त्यांना आता फोन करून मग हाच मजकूर पाठवते.