मदत हवी आहे: बिटकॉइनच्या जुन्या चार्टवर ट्रिपल बॉटम म्हणायचा की उलटं हेड अँड शोल्डर?

पराटीवाला_आर्वी: मंडळी, एका मोठ्या कॉइननं लांबलचक घसरणीनंतर खाली तीन खड्डे केलेत. पैसे टाकायच्या आधी समजून घ्यावं म्हणून बिटकॉइनचा 2022-23 चा वीकली चार्ट काढला. जून 2022 मध्ये 17,600 डॉलर, नोव्हेंबरात 15,500, मार्च 2023 मध्ये 19,600. मधली दोन्ही शिखरं 25,200 च्या आसपास. याला काय म्हणायचं, आन् घ्यायचं कुठं? गावात विचारलं तर लोक सट्टा समजतात.

यवतमाळकर: ट्रिपल बॉटम. तीनदा टेकलं म्हणजे तिथं घेणारे पक्के. तिसऱ्या खड्ड्यातच घ्यायचं भाऊ, वर जायची वाट पाहणारा महाग घेतो.

रात्रपाळी: महाग घेतो हे खरं, बाकी नाही. 2018 मध्ये बिटकॉइन फेब्रुवारी, जून आणि ऑगस्टमध्ये 6,000 च्या आसपास टेकला. तिसऱ्या खड्ड्यात घेणाऱ्यांना नोव्हेंबरात तो तळ मोडलेला दिसला आणि डिसेंबरात भाव 3,200 च्या आसपास. दर टेकणीला तिथले घेणारे कमीच होतात.

पराटीवाले, तुमचे तळ एका रेषेत नाहीत. मधला खोल, तिसरा पहिल्याच्याही वर, म्हणून उलटं हेड अँड शोल्डर. मधली दोन शिखरं जोडणारी नेकलाइन 25,000 धरा. तिथून डोकं, म्हणजे मधला खड्डा, 9,500 खाली, म्हणून तेवढंच वर टार्गेट 34,500. मार्चमध्ये पहिल्यांदा आठवडा नेकलाइनच्या वर बंद झाला, पण थेट 28,000 जवळ. तिथं घेऊन स्टॉपलॉस उजव्या खांद्याखाली, म्हणजे तिसऱ्या खड्ड्याच्या 19,600 खाली ठेवला तर 6,500 मिळवायला 8,400 पणाला. असा सौदा मी तरी करत नाही. जूनमध्ये भाव 24,800 पर्यंत परत आला आणि आठवडा पुन्हा 25,000 च्या वरच बंद झाला. घ्यायची जागा ती. टार्गेट ऑक्टोबरात आलं.

सोयाबीन_ताई: आमच्या सोयाबीनचा भावही तीनदा एकाच जागी थांबला. मग आता विकू का ठेवू?

रात्रपाळी: ताई, तिथं हमीभाव आहे, आयात आहे. चार्टवर ठेवू नका.

यवतमाळकर: पण परत आलाच नसता तर? आन् व्हॉल्यूम का नाही सांगितला?

रात्रपाळी: नसता आला तर सोडून द्यायचा. व्हॉल्यूमचं म्हणाल तर त्या काळात बायनान्स एक्सचेंजवर बिटकॉइनच्या जोड्यांना फी नव्हती, जुलै 2022 ते मार्च 2023. आकडे फुगलेले होते, म्हणून त्या पॅटर्नमध्ये त्यावर विसंबलो नाही.

यवतमाळकर: मला तर वाटतं मार्चची उडी पॅटर्नची नव्हतीच. अमेरिकेत बँका बुडाल्या म्हणून भाव चढला.

रात्रपाळी: असेलही. कारण कोणतंही असो, स्टॉपलॉस तोच राहतो.

पराटीवाला_आर्वी: समजलं. माझ्या कॉइनवर तिसरा खड्डा पहिल्याहून थोडा खोल गेलाय आन् नेकलाइन उताराची आहे. मग मोजायचं कुठून, डोक्याच्या बरोब्बर वरच्या जागेपासून का जिथं तुटेल तिथून?