मदत हवी आहे: १४ फुटी हॉलमधे जास्तीत जास्त किती इंचांचा स्क्रीन बसेल?

कोपऱ्यातली_खुर्ची:
नमस्कार मंडळी, प्रोजेक्टर घेतलाय, आता स्क्रीन घ्यायचाय आणि तिथेच गाडी अडलीये. हॉल १४ फूट लांब, समोरची भिंत १० फूट रुंद, उंची ९ फूट. प्रोजेक्टर मागच्या भिंतीजवळ सीलिंगला लटकवणार. पुस्तिकेत थ्रो रेशो १.५ ते १.६५ लिहिलंय, पिक्चर १६:९. दुकानदार म्हणतो १२० इंच आरामात बसेल, पण तो सगळ्यांनाच १२० सांगत असावा असं वाटतं. हिशोब कसा करायचा?

अमोल_ठाणे:
सोप्पंय. अंतर भागिले थ्रो रेशो. १४ भागिले १.५ म्हणजे ९.३३ फूट, म्हणजे ११२ इंच. ११२ चा स्क्रीन शोध, नाहीतर ११० घे.

भिंगकाका:
अमोल, भागाकार बरोबर आहे पण दोन ठिकाणी घसरलास. एक म्हणजे उत्तर येतं ते चित्राच्या रुंदीचं, आणि स्क्रीन विकतात कर्णाच्या मापाने. दुसरं, १४ फूट ही खोलीची लांबी झाली, आपल्याला हवंय लेन्सच्या काचेपासून स्क्रीनच्या कापडापर्यंतचं अंतर. खुर्ची, प्रोजेक्टरची बॉडी किती लांब आहे आणि मागे वायर आणि गरम हवेला किती जागा सोडणार?

कोपऱ्यातली_खुर्ची:
बॉडी फूटभर, मागे अजून एक फूट सोडावा लागेल, एचडीएमआयची पिन मागेच आहे. म्हणजे १२ फूट धरू?

भिंगकाका:
१२ धर. सगळ्यात मोठं चित्र हवं तर लहान आकडा घ्यायचा, १.५. बारा भागिले दीड म्हणजे ८ फूट, ९६ इंच रुंदी. १६:९ ला उंची रुंदीच्या ९/१६ म्हणजे ५४ इंच, आणि कर्ण रुंदीच्या १.१४७ पट म्हणजे ११० इंच. १२० इंचाला रुंदी लागते जवळपास १०५ इंच आणि त्यासाठी लेन्स १३ फुटांवर हवी, तुझ्याकडे तेवढी जागा नाही. आणि झूम पूर्ण आत घेतला (१.६५) तर तिथूनच चित्र १०० इंचावर येतं, त्याहून लहान होणारच नाही. म्हणून १०० चा स्क्रीन घेतलास तरी अगदी टोकावर, ११० घेतलास तरी टोकावर. छापलेला रेशो थोडा इकडेतिकडे असतोच, लटकवतानाही दोनचार इंच सरकतं. मी १०६ घेतला असता, दोन्ही बाजूंना हलवायला जागा राहते.

रानवारा:
आमच्या मंडळाकडे जुना ४:३ चा प्रोजेक्टर आहे, चादरीवर क्रिकेट दाखवतो, त्याचाही थ्रो १.५च आहे. १२ फुटांवरून आम्हाला चांगलं १२० इंच मिळतं की! दुकानदार खोटं बोलत नसेल हो.

भिंगकाका:
रानवारा, तुमचंही बरोबर आहे पण ते चित्र वेगळं. रुंदी तुमचीही ८ फूटच, पण ४:३ ला उंची ६ फूट होते म्हणून कर्ण १० फूट. त्याच चादरीवर मॅच लावली की वरखाली काळ्या पट्ट्या येतात ना? मधलं चित्र मोजा, ११० इंचच भरेल. उलट खुर्चीच्या प्रोजेक्टरवर जुना ४:३ सिनेमा लावला तर उंची ५४च राहील आणि रुंदी ७२ इंच होईल.

रानवारा:
पट्ट्या येतात खऱ्या, आम्ही चादरच दुमडतो

अमोल_ठाणे:
मान्य काका, कर्ण विसरलो. पण कीस्टोन मारून थोडं मोठं नाही का करता येणार?

भिंगकाका:
डिजिटल कीस्टोन चित्र कापून चौकोन करतो, त्यात आकार कमीच होतो. आणि खुर्ची, अंतराच्या आधी पंखा बघ. लेन्सपासून भिंतीवर चित्राची वरची कड जिथे येईल तिथपर्यंत सुतळी ताण.

कोपऱ्यातली_खुर्ची:
काका, अहो ताणली सुतळी. लेन्स जमिनीपासून ९६ इंचांवर येईल आणि पुस्तिकेप्रमाणे चित्राची वरची कड त्याच्या साधारण ८ इंच खाली. पंखा भिंतीपासून ७ फुटांवर, पाती ९४ इंचांवर, आणि लेन्सकडच्या बाजूला सुतळी पात्याला जवळजवळ टेकतेच. म्हणजे पंखा फिरला की चित्रावर सावली नाचणार.

भिंगकाका:
प्रोजेक्टरचा पाइप ६ इंच लांब घे. चित्रही ६ इंच खाली येईल, तुझ्या खालच्या कडेला जागा आहे का बघ.

कोपऱ्यातली_खुर्ची:
१०६ ची उंची ५२ इंच धरली तर खालची कड जमिनीपासून ३० इंचांवर येते, टीव्ही युनिट २४ चं आहे त्यामुळे बसतं. पण मग प्रोजेक्टर साडेसात फुटांवर लटकणार आणि मागच्या दाराशी बाबांचं डोकं आहे सहा फुटी, हात वर केला तर लागेल. बायको म्हणते पंखाच काढ, मे महिन्यात हे कोण ऐकणार. भिंतीवरचा पंखा लावून भागेल का कोणाचा अनुभव?