मदत हवी आहे: लेखिकेच्या परिचयातली दोन कुत्री ठेवू की गाळू?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात बसून एका इंग्रजी कादंबरीच्या मराठी आवृत्तीचं मलपृष्ठ करतोय. कथेची ओळख करून देणारी पाठराखण जमली. मुळात 'ती यातून वाचेल का?' छापाचे तीन प्रश्न ओळीने होते, ते मराठीत मालिकेच्या जाहिरातीसारखे वाजले. एकच ठेवला, बाकीचं साध्या विधानांत सांगितलं.

अडलंय परिचयापाशी. माझा पहिला खर्डा: 'पुरस्कारविजेत्या आणि चार कादंबऱ्यांच्या लेखिका असलेल्या त्या पती व दोन कुत्र्यांसह स्कॉटलंडमध्ये राहतात.' काकूंनी वाचून विचारलं, "कुत्री बी लिवत्यात काय रं?"

मग वाक्य तोडलं: 'त्यांच्या चार कादंबऱ्या प्रकाशित झाल्या आहेत. वास्तव्य स्कॉटलंडमध्ये.' आता ते मराठी वाटतं, पण मूळचा मिश्कीलपणा गेला. शिवाय नुसतं 'पुरस्कारविजेत्या' आपल्याकडे पोकळ वाटतं, म्हणून पुरस्काराचं नाव आणि वर्ष प्रकाशकाकडून मागवलंय.

मलपृष्ठाचा मजकूर मूळ प्रकाशकाकडून मंजूर व्हायचाय, त्यामुळे कुत्री का गाळली हे विचारणारच. 'घरी पती आणि दोन कुत्री असा परिवार' असं केलं तर चालेल? की 'परिवार' शब्दाने निधनवार्तेचा वास येतो? तुम्ही कसं लिहाल?